बाळाच्या पोटातली गाठ
(लहान मुलांतील न्यूरोब्लास्टोमावरील पुस्तिकेची प्रस्तावना)

धाराशिव जिल्हा उस्मानाबाद या नावाने ओळखला जात होता, तेव्हापासून कर्करोगाच्या जागतिक वैद्यकात त्याला एक मानाची जागा आहे. १९९९ साली इथल्या खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाहणी सुरू झाली. काम उभे केले ते बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने, मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने आणि फ्रान्समधल्या लिऑन इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्याआधी, १९८७ पासून, बार्शी तालुक्यासह याच जिल्ह्यातल्या परांडा आणि भूम तालुक्यांत गावोगाव फिरून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवण्याचे काम चालू होते. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी देशात पहिल्यांदा झाली ती इथेच.

म्हणून या भागातल्या आशाताई, परिचारिका, तरुण डॉक्टर एक प्रश्न विचारतात तो अगदी रास्त आहे. लहान मुलांच्या पोटात होणाऱ्या एका कर्करोगाची खूण लघवीत उतरते, असे त्यांनी वाचलेले असते. मग बायकांची पाहणी केली तशी सगळ्या बाळांची लघवी तपासून हा रोग आधीच का पकडू नये? उत्तर नकारार्थी आहे. ते का नकारार्थी आहे, हे समजले की न्यूरोब्लास्टोमा समजायला सुरुवात होते. म्हणून प्रस्तावनेची सुरुवात त्या प्रश्नापासूनच करतो.

आधी रोगाची ओळख. गर्भाच्या वाढीत काही पेशी पाठीच्या कण्याजवळून निघून दोन ठिकाणी स्थिरावतात. काही मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात जातात, काही कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून ओटीपोटापर्यंत गेलेल्या मज्जातंतूंच्या साखळीत. हृदयाची गती आणि रक्तदाब आपल्या इच्छेशिवाय सांभाळणारी यंत्रणा याच पेशींतून तयार होते. यांतल्या काही पेशी पूर्ण घडायच्या आधीच अडकल्या आणि वाढत राहिल्या, तर न्यूरोब्लास्टोमा होतो. त्यामुळे हा रोग बालपणाचा, त्यातही अगदी कोवळ्या वयाचा. निदानाच्या वेळचे मधले वय साधारण दीड वर्ष असते आणि दहांतली नऊ मुले पाच वर्षांच्या आतली असतात. दोन तृतीयांश गाठी पोटात निघतात, बाकीच्या छातीत, मानेत, ओटीपोटात.

रोग विरळ आहे, पण नगण्य नाही. पाश्चात्त्य देशांत दर ७ ते ८ हजार जन्मांमागे एक मूल, असे प्रमाण आढळते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर होती. वर्षाला वीस-पंचवीस हजार जन्म धरले आणि तेच प्रमाण लावले, तर जिल्ह्यात वर्षाकाठी दोन-तीन मुले निघावीत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण त्यावरून एवढे कळते की तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरसमोर असे मूल सगळ्या कारकिर्दीत एकदा-दोनदाच येईल, आणि येईल तेव्हा ते ओळखीचे वाटणार नाही.

आता लघवीकडे वळू. या पेशी नॉरॲड्रेनॅलिनच्या कुळातली रसायने बनवतात. शरीर ती मोडते आणि त्यांचे उरलेले अंश लघवीतून बाहेर टाकते. त्यांतले दोन महत्त्वाचे. एक व्हॅनिलिलमँडेलिक आम्ल, ज्याला प्रयोगशाळेत सगळे व्हीएमए म्हणतात. दुसरे होमोव्हॅनिलिक आम्ल, म्हणजे एचव्हीए. न्यूरोब्लास्टोमाच्या सुमारे ९० टक्के मुलांत यांतले एक तरी वाढलेले सापडते. एवढी चांगली खूण हाती आल्यावर जपानने ती वापरली. १९७० च्या दशकात क्योटोमध्ये सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात झाली आणि १९८५ च्या सुमारास हा कार्यक्रम देशभर पसरला. आई घरीच कागदावर बाळाची लघवी टिपून टपालाने पाठवी. रोगी बाळे भराभर सापडू लागली, त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि बहुतेक सगळी वाचली. कार्यक्रम यशस्वी झाला असेच कोणालाही वाटले असते.

मात्र मोठ्या मुलांतला पसरलेला रोग काही हटेना. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने १९८९ ते १९९४ दरम्यान जन्मलेल्या बाळांची तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या महिन्यात तपासणी केली. जर्मनीने १९९५ पासून वर्षभराच्या सुमारे १५ लाख बाळांची केली. दोन्ही अभ्यास २००२ मध्ये एकत्रच छापून आले. जर्मनीत तपासणीने १४९ बाळे शोधली, त्यांतली ३ दगावली. तपासणीत निर्दोष ठरलेल्या ५५ मुलांना पुढे रोग झाला, आणि त्यांतली १४ दगावली. ज्या मुलांना वाचवायचे होते ती जाळ्यातून निसटत होती, आणि जाळ्यात सापडत होती ती बहुधा तशीही वाचली असती. तपासणी झालेल्या आणि न झालेल्या भागांत मृत्यूंचे प्रमाण सारखेच राहिले. जपानने २००४ मध्ये कार्यक्रम थांबवला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षे एकाच वाटेने, पायरी पायरीने पुढे जातो. म्हणून वाटेत कुठेही अडवला तर जीव वाचतो. न्यूरोब्लास्टोमाची तशी एक वाट नाही. १९६३ मध्ये बेकविथ आणि पेरिन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी इतर कारणांनी दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या अधिवृक्क ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. सुमारे सव्वादोनशे बाळांमागे एकात न्यूरोब्लास्टोमासारख्या पेशींचा छोटा पुंजका त्यांना दिसला. प्रत्यक्षात रोग होतो हजारोंत एकाला. म्हणजे बहुतेक पुंजके कोणाच्या नकळत विरून जातात. जपानमध्ये लघवीच्या तपासणीने सापडत होते ते याच जातीचे बरेचसे. घातक जात मात्र उशिरा उगवते आणि झपाट्याने वाढते. सहाव्या महिन्यात ती लघवीत दिसतच नाही, आणि दोन वर्षांनी दिसते तेव्हा हाडांपर्यंत गेलेली असते. या पुस्तिकेत एकच गोष्ट वाचकाच्या मनात पक्की करायची आहे: या एका नावाखाली निदान दोन रोग आहेत, आणि कोणता रोग समोर आहे हे ठरवल्याशिवाय उपचाराचा विचारच करता येत नाही.

सरसकट तपासणी बाद झाली, की आपल्या जिल्ह्यापुरती हा रोग लवकर कळण्याची मुख्य वाट उरते ती डॉक्टरचा हात बाळाच्या पोटावर जाण्याची. बहुतेकदा गाठ पहिल्यांदा आईच्याच हाताला लागते, न्हाऊ घालताना किंवा तेल लावताना. ती म्हणते, पोट कडक लागतंय, एका बाजूला गोळा आहे. पुष्कळदा तिला जंतांचे औषध देऊन परत पाठवले जाते. मूल रडत असेल तर पोट ताठ होते आणि आतले काही कळत नाही, म्हणून बाळ अंगावर पीत असताना किंवा झोपेत तपासावे. हात ऊबदार असावा, बोटांच्या टोकांनी टोचू नये, पंजा सपाट ठेवून बरगडीखालून खाली यावे. न्यूरोब्लास्टोमाची गाठ सहसा टणक असते, कडा वेड्यावाकड्या असतात, ती जागची हलत नाही, आणि बऱ्याचदा बेंबीच्या रेषेपलीकडे दुसऱ्या बाजूला गेलेली असते. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरची याच्याशी नेहमी गल्लत होते. ती गाठ गुळगुळीत असते, कुशीला भरलेली असते, सहसा मध्यरेषा ओलांडत नाही, आणि ते मूल तीन-चार वर्षांचे, खेळते-हसते असते. वाढलेली पानथरी डाव्या बरगडीखालून येते, श्वासाबरोबर खाली सरकते आणि तिच्या कडेला खाच लागते. या खुणा दिशा दाखवतात, निवाडा करत नाहीत. निवाड्यासाठी त्याच आठवड्यात सोनोग्राफी हवी.

पोटाच्या तक्रारीशिवायही हा रोग समोर येतो, आणि तिथे चूक जास्त होते. चालायला लागलेले मूल अचानक लंगडू लागते किंवा उचलून घ्या म्हणून हट्ट धरते. ताप येत-जात राहतो, अंग पांढरे पडते. यावर रक्तवाढीचे टॉनिक, मग टायफॉइडचे औषध, मग क्षयाचे उपचार, असे दोन-तीन महिने सहज जातात. प्रत्यक्षात रोग हाडांत आणि अस्थिमज्जेत उतरलेला असतो. डोळ्यांभोवती मार लागल्यासारखे काळेनिळे वर्तुळ आले आणि कोणी सांगते की मूल पडलेले नाही, तर तो डोळ्यांमागच्या हाडांत पसरलेला न्यूरोब्लास्टोमा असू शकतो. मुलाचे पाय लुळे पडू लागले, लघवी अडली, तर गाठ कण्याच्या छिद्रातून आत शिरून मज्जारज्जू दाबते आहे असे धरावे. तिथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

अशा मुलात लघवीची तपासणी खरी उपयोगाची ठरते, कारण आता ती गाठ शोधण्यासाठी नसून सापडलेली गाठ कशाची आहे हे सांगण्यासाठी आहे. जुन्या पुस्तकांत चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितलेली असते. दीड वर्षाच्या मुलाची ती जमत नाही, अर्धी लंगोटात जाते आणि अहवाल खोटा पडतो. म्हणून आता एकाच वेळची लघवी घेतात आणि व्हीएमएचे प्रमाण त्याच लघवीतल्या क्रिएटिनिनशी लावून पाहतात. असे का, हे एका हिशेबाने कळेल. एका मुलाच्या लघवीत लिटरमागे ४ मिलिग्रॅम व्हीएमए आले. मूल खूप पाणी प्यायलेले होते, लघवी पातळ होती, क्रिएटिनिन लिटरमागे ०.१ ग्रॅम. भागाकार आला ४०. दुसऱ्या मुलातही व्हीएमए ४ च होते, पण लघवी घट्ट, क्रिएटिनिन ०.८ ग्रॅम. भागाकार ५. दोन ते चार वर्षांच्या मुलात एका प्रचलित संदर्भपट्टीनुसार हा आकडा १६ च्या आत असावा. म्हणजे वरवर सारखा दिसणारा अहवाल एकात स्पष्ट दोष दाखवतो, दुसऱ्यात काहीच नाही. तान्ह्या बाळांत ही मर्यादा वरची, २५ पर्यंत असते, म्हणून अहवाल वाचताना मुलाचे वय आणि त्या प्रयोगशाळेची वयानुसारची पट्टी शेजारी हवी.

नमुना बिघडतो तो वाटेत. ही रसायने उन्हात, उष्णतेत मोडतात. लघवी आम्लयुक्त बाटलीत घ्यावी, किंवा प्रयोगशाळा सांगेल तशी, आणि बर्फावर पाठवावी. धाराशिवहून पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत एप्रिलच्या उन्हात साध्या डब्यातून गेलेली बाटली खोटा दिलासा घेऊन परत येऊ शकते. केळे, चॉकलेट, व्हॅनिला यांचा त्रास जुन्या रंगपद्धतीत जास्त होई, नव्या पद्धतींत कमी. तरी आदल्या दिवशी ते टाळलेले बरे. आणि एक मर्यादा कधी विसरू नये: दहांतल्या एका मुलात गाठ असूनही लघवी निर्दोष येते. पोटात गाठ हाताला लागत असेल तर चांगला अहवाल आला म्हणून पुढचा तपास थांबवू नये.

लघवीचा आणखी एक उपयोग आपल्या भागासाठी मोलाचा आहे. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे अस्थिमज्जेत ट्यूमरच्या पेशी दिसल्या आणि लघवीतले व्हीएमए किंवा एचव्हीए वाढलेले असले, तर न्यूरोब्लास्टोमाचे निदान गाठीला हात न लावताही पूर्ण धरता येते. आजारी, रक्त कमी असलेल्या मुलावर पोट उघडण्याची वेळ त्यामुळे टळते. पोट उघडून गाठ काढण्याची घाई कुठल्याच छोट्या रुग्णालयात करू नये. ही गाठ महाधमनीला आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना चारी बाजूंनी वेढून बसते. ती अर्धवट काढण्यात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड गमावले जाते, आणि पुढच्या उपचारांची वेळही जाते.

रोगाचे दोन स्वभाव नेमके कसे वेगळे होतात हे दोन मुलांवरून पाहू. ही मुले मी रचलेली आहेत, कोणा एका घरची नाहीत. पण दोघांचे प्रत्येक लक्षण या रोगात नेहमी भेटणारे आहे.

पहिले परांड्याकडचे, पाच महिन्यांचे. पोट फुगलेले, यकृत बेंबीच्या खालपर्यंत आलेले, कातडीवर निळसर घट्ट गाठी. सोनोग्राफीत उजव्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ. व्हीएमए भागिले क्रिएटिनिन १८०. अस्थिमज्जेत थोड्या, दहा टक्क्यांपेक्षा कमी, ट्यूमरपेशी. हाडे स्वच्छ. वाचणाऱ्याला वाटेल रोग सगळीकडे पोचला, काही उरले नाही. पण डँजिओ, इव्हान्स आणि कूप यांनी १९७१ मध्येच या अवस्थेला वेगळे स्थान दिले. दीड वर्षाच्या आत, पसरण फक्त यकृत, कातडी आणि मज्जेतच, आणि एमवायसीएन हे जनुक वाढलेले नसेल, तर हा रोग बहुधा आपोआप मागे हटतो. यकृत काही महिन्यांत आकसते, कातडीवरच्या गाठी विरतात. डॉक्टरचे काम असते ते पाहत राहणे. उपचार लागतो तो यकृत छातीवर दाबून श्वास अडू लागला तर, आणि तोही हलक्या केमोथेरपीचे मोजके डोस. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र हे यकृत फार वेगाने वाढू शकते, म्हणून त्याला रुग्णालयाबाहेर ठेवू नये.

दुसरे उमरग्याकडचे, तीन वर्षांचे. दोन महिन्यांपासून ताप, मांडी दुखते, डोळ्यांभोवती काळे. पोटात मध्यरेषा ओलांडलेली टणक गाठ, सीटी स्कॅनमध्ये तिच्यात चुन्याचे ठिपके. व्हीएमए फक्त ४०, पण एचव्हीए त्याहून बरेच जास्त. हीसुद्धा एक खूण आहे: पेशी जितकी कच्ची, तितकी ती रसायनाची साखळी मध्येच सोडते आणि व्हीएमएपेक्षा एचव्हीए जास्त करते. मज्जा ट्यूमरपेशींनी भरलेली. गाठीच्या तुकड्यात एमवायसीएन जनुक वाढलेले. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, इथे दहापट, कधी शेकड्यांनी. पेशीला थांबायचा आदेशच पोचत नाही, ती फक्त दुभंगत राहते. एकूण गाठींपैकी सुमारे पाचव्या हिश्शात हे सापडते, आणि वय लहान असले तरी ते सापडले की रोग उच्च जोखमीचा ठरतो.

पहिल्या बाळाची लघवी दुसऱ्यापेक्षा चौपटीहून अधिक वाईट होती, पण जीव धोक्यात होता दुसऱ्याचा. अहवालातला आकडा गाठ किती रसायन सोडते एवढेच सांगतो. भवितव्य ठरते ते वय, पसरण आणि गाठीचे जनुक या तिन्हींवर. दीड वर्षाची सीमा, मोजून ५४७ दिवस, हजारो मुलांच्या नोंदींवरून ठरली आहे, म्हणून केसपेपरवर जन्मतारीख नेमकी लिहावी. "अंदाजे दीड वर्ष" या तीन शब्दांवर मूल चुकीच्या गटात जाऊ शकते. लहान बाळांच्या गाठींत सहसा संपूर्ण गुणसूत्रेच जादा असतात, तुटलेली नसतात. अशा पेशींत परिपक्व होण्याची किंवा मरून जाण्याची ताकद शाबूत असते. मोठ्या मुलांच्या गाठींत गुणसूत्रांचे तुकडे गळलेले आणि जोडलेले असतात, आणि ती ताकद गेलेली असते. अर्थात वय एकटे निकाल देत नाही. तीन वर्षांच्याच मुलात गाठ एका जागी असेल, रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली नसेल आणि एमवायसीएन वाढलेले नसेल, तर ती पूर्ण काढणे एवढाच उपचार पुष्कळदा पुरतो आणि दहांतली नऊहून जास्त मुले बरी होतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळातल्या अधिवृक्क ग्रंथीच्या छोट्या गाठींवर तर अमेरिकेत एक अभ्यास झाला. ८३ बाळांच्या गाठी लगेच न काढता नियमित सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासणीने पाहत राहिले. पाचांतल्या चारांना शस्त्रक्रिया लागलीच नाही आणि एकही बाळ दगावले नाही. आपल्याकडे हे करायचे तर तपासणीची तारीख चुकणार नाही याची खात्री हवी. ती नसेल तर पाहत राहणे म्हणजे सोडून देणे होईल.

उमरग्याच्या मुलापुढे मात्र दीड वर्षाची वाट असते: पाच-सहा फेऱ्या केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग त्याच्याच रक्तपेशी साठवून जबर मात्रेची केमो, किरणोपचार, शेवटी रेटिनॉइक आम्ल आणि जमल्यास गाठीवर हल्ला करणारी प्रतिपिंडे. एवढे सगळे मिळणाऱ्या देशांतही अशी जेमतेम निम्मी मुले दीर्घकाळ जगतात. आपल्याकडे हा आकडा खाली येतो. कारणे तीन: मूल उशिरा पोचते, प्रतिपिंडे सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर असतात, आणि निम्म्या वाटेवर उपचार सुटतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपीचा बराच भार उचलता येतो. मुंबईत परळला टाटा मेमोरियलजवळ कुटुंबांच्या राहण्याची सोय करणाऱ्या संस्था आहेत. लातूर-मुंबई एक्स्प्रेस धाराशिवहून रात्रभरात तिथे पोचवते. पण शेतमजुरी करणाऱ्या आई-बापांना दीड वर्ष तिथे राहायचे तर गावातल्या दुसऱ्या मुलाला कोण सांभाळणार, हे पहिल्याच भेटीत विचारले पाहिजे. ते न विचारता लिहिलेला उपचार तिसऱ्या फेरीनंतर थांबलेला मी पाहिला आहे.

ही पुस्तिका प्रामुख्याने त्या पहिल्या आठवड्यासाठी आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याच्याकडे मुलाचे वजन-उंची मोजण्याइतकाच पोटावर हात फिरवण्याचा वेळ असावा. गाठ लागली की सोनोग्राफी, रक्ताची मोजणी, बर्फावरची लघवी, आणि बार्शी किंवा सोलापूरमार्गे मुंबईकडे पाठवण्याची चिठ्ठी. चिठ्ठीत पाच ओळी हव्यात: जन्मतारीख, गाठीची जागा आणि माप, मूल लंगडते का व डोळ्यांभोवती काळे आहे का, रक्तदाब, आणि गाठीला कोणी सुई किंवा चाकू लावला आहे का. चिठ्ठीसोबत नमुने कसे जातात, कोणते कोणत्या बाटलीत, हे पहिल्या प्रकरणात दिले आहे.